नऊची केस आणि ब्याण्णव टक्के

सिंधुदुर्गातल्या ज्या रुग्णालयात मी नोंदी सांभाळतो, तिथले सर्जन दुसरं ऑपरेशन थिएटर मागत होते. आहे ते ओटी खरंच किती भरतं, हे काढायचं काम माझ्याकडे आलं.

ओटी रजिस्टर उघडलं तर रोजची पहिली केस बरोब्बर ९:०० ला सुरू. महिनाभर एकही दिवस ९:०७ नाही की ९:२० नाही. घड्याळ बघून लिहिलेल्या वेळा अशा नसतात. सिस्टर खोटं लिहीत नव्हत्या. केसेस संपल्यावर यादीतलीच वेळ रजिस्टरमध्ये उतरायची. भर कामात त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा धरणंच चूक.

म्हणून भूलतज्ज्ञांचे तक्ते काढले. त्यात दर पाच मिनिटांनी रक्तदाब लिहिलेला असतो. पहिली नोंद म्हणजे पेशंट टेबलवर आला, शेवटची म्हणजे बाहेर निघाला. फार तर चार-दोन मिनिटं इकडेतिकडे. ओटीतलं भिंतीवरचं घड्याळ आणि मॉनिटरचं घड्याळ जुळतं का, ते आधी पाहून घेतलं.

एका मंगळवारचं सांगतो. ओटीची वेळ ९ ते ३, म्हणजे ३६० मिनिटं. पहिला पेशंट आत आला ९:५० ला, बाहेर ११:२०. दुसरा ११:५० ते १:१०. तिसरा १:४० ला आत गेला तो ४:२० ला बाहेर. टेबलवरची मिनिटं ३३०, म्हणजे ९२ टक्के. हाच आकडा व्यवस्थापनाला दिसतो, आणि ओटी तुडुंब भरलेलं वाटतं.

पण त्यातली ८० मिनिटं तीननंतरची आहेत. ती वगळली की ठरलेल्या वेळेतली उरतात २५०, म्हणजे ६९ टक्के. दोन केसेसमधली साफसफाई आणि मांडणी धरून ६० मिनिटं गेली. राहिलेली ५० सकाळीच गेली होती. तरी सगळा दोष उशिराचा नाही: नऊला सुरू केलं असतं तरी साडेतीन वाजलेच असते, कारण यादीच अर्ध्या तासाने जास्त होती.

उशिराच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक दिवशी 'पेशंट उशिरा आला' असं होतं. वॉर्डात जाऊन विचारलं. त्या मंगळवारच्या पेशंटची बायको म्हणाली, "आमची पयली एसटीच साडेआठाक येता." त्यानंतर केसपेपर, ईसीजी, भूलतज्ज्ञांची तपासणी. नऊला ओटीत पोचणार कसा? आणि ओरडा खायचा वॉर्डातल्या मामांनी, हे मला अजिबात पटत नाही.

पहिली केस आदल्या संध्याकाळी दाखल झालेल्या पेशंटचीच घ्यावी, असं मी लिहून दिलं. मेट्रन म्हणाल्या, "खाट कुठून देऊ?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. सोमवारी रात्री किती खाटा खरंच रिकाम्या असतात, ते वॉर्डच्या मध्यरात्रीच्या मोजणीत मिळेल. ती वही आता मागवली आहे. दुसऱ्या ओटीच्या अर्जावर तोवर सही होऊ नये, एवढंच मी साहेबांना सांगितलंय.