बाई, वर्ड्‌स्वर्थ आणि शाळेमागचा डोंगर

अमृतमहोत्सव समितीचं पत्र मिळालं आणि त्याच रात्री लिहायला बसलो. गॅदरिंग, पी.टी.चे सर, दहावीचे जादा तास यांवर आमच्या बॅचचे इतर लिहितीलच. मला फक्त इंग्रजीच्या बाईंबद्दल लिहायचं आहे. त्यातही त्यांनी एका शनिवारी शिकवलेल्या एका कवितेबद्दल, कारण आज मी महाविद्यालयात जे शिकवतो त्याचं मूळ त्या शनिवारात आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचं असेल त्यांना बाई नववी 'ब'च्या वर्गात अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी वाचून दाखवायच्या. आम्ही सगळे मराठी माध्यमाचे. बाई चार ओळी इंग्रजीत वाचत, मग मराठीत सांगत, मग पुन्हा इंग्रजीत वाचत. त्या दिवशी त्यांनी विल्यम वर्ड्‌स्वर्थच्या 'द प्रेल्यूड' या स्वतःच्याच आयुष्यावरच्या दीर्घकाव्यातला पहिल्या सर्गातला होडीचा प्रसंग घेतला होता.

प्रसंग एवढाच. इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखात, अल्सवॉटरच्या काठच्या पॅटरडेलमध्ये, सुट्टीत आलेला एक शाळकरी मुलगा उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी विलोच्या झाडाला बांधलेली कुणाची तरी होडी सोडतो आणि एकटाच पाण्यात शिरतो. चांदणं पडलेलं आहे. वल्ह्यांनी उठलेली वर्तुळं चमकत मागे राहतात आणि विरघळून त्यांची एक उजळ रेघ होते. मुलाला आपल्या वल्हवण्याचा अभिमान आहे. रेषा सरळ राहावी म्हणून तो समोरच्या खडकाळ कड्याच्या माथ्यावर नजर रोखतो. त्या कड्याच्या वर फक्त तारे आणि करडं आकाश. आणि मग त्या कड्यामागून एक प्रचंड काळं शिखर डोकं वर काढतं. मुलगा जोरजोरात वल्ही मारतो तसतसं ते वाढत जातं, त्याच्या आणि ताऱ्यांच्या मध्ये उभं राहतं आणि जिवंत प्राण्यासारखी संथ पावलं टाकत त्याच्या मागे येऊ लागतं. मुलगा थरथरत्या हातांनी होडी वळवतो, जागेवर बांधतो आणि कुरणांतून घरी जातो.

"डोंगर मागे कसा येईल?" बाईंनी विचारलं.

वर्गातून उत्तरं आली. भास झाला असेल, अंधार होता, चोरी केली होती म्हणून घाबरला. बाईंनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "चला, मैदानावर."

आपल्या जुन्या कौलारू इमारतीच्या पायऱ्यांपाशी त्यांनी आम्हाला इमारतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं. तिथून फक्त भिंत आणि वर कौलं दिसत. मग तोंड तसंच ठेवून एकेक पाऊल मागे जायला सांगितलं. नजर कौलांच्या वरच्या कडेवर ठेवायची, खाली बघायचं नाही. आठ-दहा पावलं काहीच झालं नाही. मग कौलांच्या वर काळसर टोक दिसलं. आणखी मागे गेलो तसा शाळेमागचा डोंगर हळूहळू वर आला, सुळका दिसला, मग खांदा दिसला. माझ्या शेजारचा मुलगा ओरडला, "बाई, डोंगर वर येतोय!"

बाई म्हणाल्या, "होडी वल्हवणारा पुढे पाठ करून बसतो. तो जातो एकीकडे आणि बघतो दुसरीकडे. आता तुम्ही चाललात ना, तसाच तो चालला होता."

ही गोष्ट मी आज एम.ए.च्या वर्गात फळ्यावर आकडे मांडून सांगतो. आकडे कल्पित आहेत, पण तत्त्व तेच. कडा पाण्यापासून १०० मीटर उंच आणि काठापासून १५० मीटर आत आहे असं धरा. त्यामागचं शिखर ५०० मीटर उंच, पण १००० मीटर दूर. काठावरून कड्याची उंची अंतराच्या दोन तृतीयांश भरते आणि शिखराची निम्मी, म्हणून शिखर कड्याआड झाकलेलं राहतं. होडी १५० मीटर आत गेली की कड्याचं हे प्रमाण एक तृतीयांशावर येतं, म्हणजे थेट निम्मं होतं. शिखराचं मात्र निम्म्यावरून ०.४३ पर्यंतच उतरतं. जवळचं झपाट्याने खाली बसतं, दूरचं जेमतेम हलतं. साधारण ६० मीटरपुढे शिखराचं टोक डोकावतं आणि पुढच्या प्रत्येक वल्ह्यासरशी त्याचा आणखी थोडा भाग उघडा पडतो. म्हणजे मुलाला जे दिसलं ते डोळ्यांनी खरोखर पाहिलेलं आहे, आणि ते घडवून आणणारे हात त्याचेच आहेत. भीतीने तो जितका जोर लावतो तितकं ते वाढतं. पळणंच पाठलाग निर्माण करतं. या प्रसंगाची सगळी ताकद मला या रचनेत दिसते आणि बाईंनी ती पायांनी चालवून दाखवली होती.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. मैदानावरच त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "डोंगर तुमच्याही समोर वर आला. मग तुम्हाला भीती का नाही वाटली?"

दुपारचं ऊन होतं, सगळे बरोबर होते, गलका चालला होता आणि आम्ही बाईंच्या परवानगीने चालत होतो. बाईंनी हेच एकेक करून वजा करायला लावलं. ऊन काढा, रात्र ठेवा. सोबत काढा. आवाज काढा. परवानगी काढा. जे उरलं ती वर्ड्‌स्वर्थची होडी.

अठराव्या शतकातला विचारवंत एडमंड बर्क याने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच मांडलंय, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. सुंदर आणि उदात्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उदात्ताचं मूळ भयात आहे, आणि रिकामेपणा, अंधार, एकटेपणा, शांतता या अभावाच्या अवस्था भयकारक म्हणूनच भव्य वाटतात, असं तो म्हणतो. त्याची आणखी एक अट आहे: संकट अगदी अंगावर आलं तर उरते निव्वळ भीती, काही अंतर असेल तरच त्या भीतीत आनंद मिसळतो. ही अट या कवितेला लावून पाहिली की एक गोष्ट उघड होते. होडीतल्या मुलाला ते अंतर नाही. त्याला कसलाही आनंद होत नाही, तो फक्त पळतो. अंतर आहे ते लिहिणाऱ्याला. वर्ड्‌स्वर्थने या ओळी १७९८-९९च्या कडाक्याच्या हिवाळ्यात जर्मनीतल्या गोसलार गावी लिहिल्या तेव्हा तो २८ वर्षांचा होता. कवितेत मनं दोन आहेत, एक घाबरलेलं आणि एक त्या भीतीकडे वळून बघणारं.

ही दोन मनं कुठे वेगळी होतात तेही दाखवता येतं. १८०५च्या मसुद्यात शिखर सरळ मागे चालत येतं. कवीच्या मृत्यूनंतर १८५०मध्ये छापलेल्या पाठात मध्येच येतं, 'निदान तसं भासलं'. म्हातारा कवी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो की डोंगर चालत नसतो. मला १८०५चा पाठ जास्त आवडतो. तिथे मुलाला एकटं सोडलेलं आहे.

चोरीचं काय, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. अपराधाची भावना कवितेत आहे, कवी स्वतः त्या कृत्याला चोरटं आणि त्यातल्या आनंदाला अस्वस्थ म्हणतो. याच सर्गात थोडं आधी हा मुलगा दुसऱ्याच्या फासात अडकलेला पक्षी पळवतो आणि निर्जन टेकड्यांतून आपल्यामागे दबके श्वास आणि पावलं ऐकतो. तरी बाई म्हणायच्या की चोरी हे अर्धंच उत्तर आहे. शिक्षेची भीती असती तर होडी बांधून, पकडला न जाता घरी पोचल्यावर ती संपली असती. इथे खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पुढे कित्येक दिवस मुलाच्या डोक्यात अनोळखी अस्तित्वांची धूसर जाणीव घोळत राहते. झाडं, समुद्र, आकाश, शेतांचा हिरवा रंग, ओळखीचं काही म्हणजे काही मनात उरत नाही. माणसांसारखे न जगणारे प्रचंड आकार दिवसा मनातून संथपणे सरकतात आणि रात्री स्वप्नांना छळतात. बाहेरचं शिखर कधीच कड्यामागे गेलेलं आहे, आता ते आत हिंडतंय. बाईंनी हा भाग वाचला तेव्हा वर्गात कुणी हललं नव्हतं, आणि त्यांनी त्यावर काहीही समजावून सांगितलं नाही. वही बंद केली आणि म्हणाल्या, "घरी जा."

पीएच.डी.साठी मी 'द प्रेल्यूड'च घेतला. प्रबंधाची अर्पणपत्रिका बाईंच्या नावे आहे. हल्ली पाठ्यपुस्तकातल्या कवितेखालच्या प्रश्नांची तयार उत्तरं मुलं घेऊन येतात, त्यात कवीच्या मनात काय आहे हे दोन ओळींत लिहिलेलं असतं, आणि फार वाईट वाटतं. आपल्या मैदानाच्या त्या बाजूला आता नवी इमारत उभी आहे. प्रयोगशाळा हव्याच होत्या, पण पायऱ्यांपासून मागे चालत जाण्याएवढी मोकळी जागा तिथे राहिलेली नाही, याची खंत आहे.

बाईंशी माझा एका बाबतीत मतभेद आहे आणि तो त्यांना माहीत आहे. होडीच्या प्रसंगानंतर लगेच कविता वळते आणि विश्वाच्या आत्म्याचे आभार मानते. दुःख आणि भय यांना शुद्ध करत करत शेवटी आपल्याच हृदयाच्या ठोक्यांत भव्यता ओळखता आली, असं कवी म्हणतो. बाईंच्या मते सगळा प्रसंग या ओळीसाठीच आहे, डोंगराची भव्यता शेवटी माणसाच्या छातीत सापडते. मला वाटतं, हे आभार फार लवकर येतात. स्वप्नांत छळणाऱ्या आकारांचं पुढे काय झालं ते कवी सांगत नाही, ते आकार निवळलेले कुठेच दिसत नाहीत, त्यांच्यावर नुसती कृतज्ञता ठेवलेली आहे. मागच्या वर्षी भेटलो तेव्हा बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पुढचे सर्ग पुन्हा वाच, मग बोलू." ते वाचन सध्या चालू आहे.

बाई आता लेकीकडे पुण्याला असतात. गुडघ्यांमुळे एकट्या प्रवास करत नाहीत. मुख्य कार्यक्रमाला त्यांना आणण्याची आणि परत पोचवण्याची जबाबदारी समितीने माझ्याकडे द्यावी. आदल्या दिवशी गाडी घेऊन जाईन.