घुमट आरती शिबिराचे आभारप्रदर्शन

फोंडा तालुक्यातील आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात मुलांसाठी घुमट आरतीचे, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गायच्या आरतीचे, शिबिर झाले आणि समारोपाचे आभारप्रदर्शन माझ्याकडे आले. हा कार्यक्रमाचा शेवटचा टप्पा असल्याने मुले कंटाळलेली असतात, पालक चपला शोधू लागलेले असतात. म्हणून दोन मिनिटांत आटोपेल एवढेच बोलायचे, असे मी ठरवले. संथपणे बोलल्यास तेवढ्या वेळात साधारण दोनशे शब्द होतात.

आदल्या दिवशी समितीकडून मिळालेल्या यादीत नावे पुष्कळ होती. प्रत्येकाचे नाव घेतले असते तर निम्मा वेळ त्यातच गेला असता आणि चुकून राहिलेले एखादे नाव सर्वांच्या लक्षात आले असते. त्यामुळे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि घुमट शिकवणारे मार्गदर्शक यांचीच नावे घ्यायची आणि देवस्थान समिती, चहापाणी पाहणाऱ्या महिला, ध्वनिक्षेपक व मांडव सांभाळणारे युवक यांचे आभार एकत्रितपणे, परंतु त्यांचे नेमके काम सांगून मानायचे, असे केले. आमच्याकडे गावकर, नाईक, गावडे ही आडनावे घरोघरी आढळतात, तेव्हा नुसते आडनाव घेऊन भागत नाही. पूर्ण नाव आणि पद मी निमंत्रणपत्रिकेवर न विसंबता त्या-त्या व्यक्तीलाच विचारून घेतले.

पाहुण्यांना लवकर निघायचे होते. ते गेल्यावर रिकाम्या खुर्चीकडे पाहून आभार मानणे मला पटत नव्हते, म्हणून सूत्रसंचालिका बाईंना विनंती करून त्यांच्यापुरते आभार त्यांचे भाषण संपताच मानले आणि शेवटी त्यांचा पुन्हा उल्लेख केला नाही. त्यांच्या भाषणाचा सारांशही सांगितला नाही. सभेने ते नुकतेच ऐकलेले असते.

मार्गदर्शकांविषयी मी म्हटले, "घुमटाच्या तोंडावर चामडे ताणून बसवताना मडके तडकू नये म्हणून हात कसा ठेवायचा, हे सरांनी प्रत्येक मुलाजवळ बसून दाखवले. त्यांचे मी मनापासून आभार मानतो." पूर्वी या वाद्याला घोरपडीचे कातडे लावत, आता कायद्याने ते निषिद्ध असल्याने बकऱ्याचे लावतात आणि त्याचा ताण जमायला वेळ लागतो, हे सभेतील जाणकारांना ठाऊक होते. त्यामुळे 'मोलाचे मार्गदर्शन' म्हणण्यापेक्षा हे एक वाक्य त्यांना अधिक भिडले असावे. सरांनी तिथूनच हात जोडले.

देणगीदारांचे आभार मानताना रकमांचा उल्लेख मी मुद्दाम टाळला. त्यामुळे कमी देणाऱ्याला अवघडल्यासारखे होत नाही. शेवटी श्रोत्यांचे आभार मानले, "आता मुले आरती सादर करतील, सर्वांनी साथ द्यावी," अशी विनंती केली आणि ध्वनिक्षेपक सूत्रसंचालिकेकडे दिला.