एम्परर माझ्या घरात उलटा बसलाय

परवा रात्री अडीचला चिऊला ताप चढला. मी जागीच होते, थर्मामीटर लावलं, १०२. तर ती डोळे अर्धवट उघडून म्हणाली काय, "बाबाला उठव ना". बास, एवढंच. फर्स्ट शिफ्टला सहाला सातपूरला पोचायचं असतं त्याला, तरी उठला, मांडीवर घेतलं, कपाळावर पट्ट्या ठेवत बसला, आणि मी दाराशी औषधाची बाटली हातात धरून उभी. म्हणजे मापून दिलेला डोस माझा आणि मांडी त्याची.

ताप काल दुपारी उतरला. माझं काही उतरलं नाही.

म्हणून आज सकाळी तो कामावर गेल्यावर टॅरोचे पत्ते काढले. एरवी स्वतःसाठी काढत नाही मी, स्वतःसाठी काढताना माणूस लबाडी करतो हे बारा वर्षं पत्ते हाताळून मला पक्कं माहितीये. लग्नासाठी मी पाच पत्त्यांचीच मांडणी करते. कुंडलीची सवय म्हणून जागांना मी घरं म्हणते. पहिलं घर आत्ता मी, दुसरं आत्ता तो, तिसरं मी या संसारात काय धरून बसलीये, चौथं त्याने काय धरलंय, पाचवं दोघांच्या मधलं. घरं आधी कागदावर लिहायची आणि मगच पत्ते उलटायचे, हे मी सगळ्यांना बजावून सांगते.

पहिल्या घरात फोर ऑफ कप्स. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला मुलगा, समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि हा बघतसुद्धा नाहीये. हसूच आलं, रुसून बसलेल्या बाईचा याच्याहून चांगला फोटो निघणार नाही. दुसऱ्यात त्याच्यासाठी नाइट ऑफ पेंटॅकल्स, चारही नाइट्सपैकी हा एकच असा की ज्याचा घोडा जागचा हलत नाही. नांगरलेल्या शेतात उभा. बरोबरच आहे, सटाण्याचाच आहे तो.

मग तिसऱ्या घरात एम्परर, उलटा. चौथ्यात एम्प्रेस, सरळ.

आणि माझा हात खरंच त्या दोन पत्त्यांकडे गेला, अदलाबदल करायला. मनात आलं की तिसरं घर मी त्याचं लिहिलं होतं ना? नव्हतं लिहिलं. कागद समोरच होता, माझ्याच अक्षरात "मी". मग वाटलं अजून एक पत्ता काढू, क्लॅरिफायर म्हणून. हे सगळ्यात ओळखीचं लक्षण. पत्ता कळला नाही म्हणून कोणी क्लॅरिफायर काढत नाही, आवडला नाही म्हणून काढतात. समोरची बाई "अजून एक काढा ना ताई" म्हणाली की मी थांबते आणि तिला विचारते, यातलं नक्की काय नकोय तुम्हाला? आज विचारायला कोणी नव्हतं.

काय नको होतं ते मला माहिती होतं. मला एम्प्रेस हवी होती.

खरं सांगायचं तर हा पत्ता बाई आणि तो पत्ता बुवा असं वाचायचंच नसतं. मी शिकवते हे. पामेला कोलमन स्मिथने १९०९ साली काढलेली चित्रंच घ्या, बहुतेकांकडे तोच डेक असतो. एम्प्रेस मोकळ्यावर गाद्या-तक्क्यांत रेलून बसलीये, पुढ्यात गहू पिकलाय, मागच्या झाडीतून पाणी वाहतंय, डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट. वाढू देणं हे तिचं काम, ओढून वाढवणं नाही. हृदयाच्या आकाराची ढाल बाजूला टेकवून ठेवलीये, हातात नाही धरलेली. एम्परर दगडी सिंहासनावर, सिंहासनाला मेंढ्यांची डोकी, आणि झग्याखाली नीट बघितलं तर पायात चिलखत. घरात बसलाय तरी चिलखत! हद्द आखणं, वेळापत्रक, पैसा, नियम, "हे आत आणि हे बाहेर", हे त्याचं. आता यातलं काय कोणी करायचं हे पत्त्यावर कुठंच लिहिलेलं नाही. एका घरात दोन्ही कामं लागतात, आणि कोणाच्या घरात कोणता पत्ता पडला एवढंच मांडणी सांगते.

तर आमच्याकडे बघा. घराचा हप्ता, पालिकेची घरपट्टी, दूधवाल्याचा हिशोब, शाळेची फी, सासूबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट, गॅस, चिऊने मोबाइल किती वेळ बघायचा, सगळं माझ्याकडे. फ्रिजवर तक्ता मीच लावलाय. दुपारी तीनला शिफ्ट सुटली की संध्याकाळचा स्वयंपाक त्याचा, तिला झोपवणं त्याचं, कुंड्या त्याच्या, पेशंट पडला की उशाशी तो. म्हणजे पत्ते काही अघटित सांगत नव्हते. मग एवढं का लागलं?

दोन वर्षांपूर्वी एक ताई आल्या होत्या इंदिरानगरच्या, त्यांनाही हेच दोन पत्ते आले होते, आणि मी घरं न बघता एका दमात सांगून टाकलं की तुम्ही एम्प्रेस, मिस्टर एम्परर, बॅलन्स छान आहे. त्या गप्प बसल्या. जाताना दारात म्हणाल्या की दुकान मी बघते हो, ते घरी असतात. परत आल्या नाहीत. जाऊ दे.

उलट्या एम्पररचंही बघायलाच हवं. याचे दोन अर्थ निघतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून नवीन माणूस इथे घसरतो. एक, पकड सुटलीये, कोणाचा कोणाला धरबंध नाही. दुसरा, पकड इतकी घट्ट की नियम कशासाठी होता तेच विसरलं. कोणता घ्यायचा ते शेजारचे पत्ते बघून ठरवायचं. माझ्या पहिल्या घरात घडी घातलेले हात, त्याच्याकडे न हलणारा घोडा, सगळा गोठलेला मामला, सुटलेलं काहीच नाही. म्हणजे दुसरा अर्थ. घट्ट. मी चडफडत का होईना तोच घेतला.

आणि या पत्त्यात एक गोष्ट आहे जी मी लोकांना दाखवते आणि आज मलाच नीट दिसली. एम्पररच्या मागे सगळे उघडेबोडके डोंगर आहेत, आपल्याकडे मे महिन्यात चांदवडकडे जाताना दिसतात तसे, पण सिंहासनाच्या मागे तळाशी पाण्याची एक बारीक रेघ आहे. पाणी आहे. फक्त याची पाठ आहे तिकडे.

इथे मला रडू आलं, लिहून टाकते. मी काय माया करत नाही का? रात्री अडीचला जागी कोण होतं? ताप वाढायच्या आधी दर तासाला हात लावून कोण बघत होतं? पण ते मोजणं झालं ना, तेच तर. मी माया करते ती वहीत लिहून. आणि तिला मांडी हवी होती.

बराच वेळ अशी स्वतःची कीव करून झाल्यावर एक आठवलं जे खरंतर सुरुवातीलाच आठवायला हवं होतं. एकट्याने लग्नाची मांडणी केली की जोडीदाराची घरं ही त्याची नसतातच. तो समोर बसलेला नाही, पत्ते त्याने पिसलेले नाहीत. त्या घरात येतो तो मला दिसणारा तो. म्हणजे एम्प्रेस तो आहे असं नाही, मी त्याला एम्प्रेस करून ठेवलंय. सगळी मऊ कामं त्याच्या नावावर टाकून मीच चिलखत चढवलं, आणि आता मांडी माझी का नाही म्हणून मीच रुसलीये. फोर ऑफ कप्स! पेला पुढे करणारा हात बहुतेक त्याचाच असेल, पण ते त्याला सांगणार नाहीये.

पाचव्या घरात टू ऑफ पेंटॅकल्स होता, दोन नाणी झेलत नाचणारा पोरगा, मागे खवळलेला समुद्र आणि वरखाली होणारी जहाजं. लोकांना बॅलन्स म्हटलं की तराजू दिसतो, दोन्ही पारडी एकदा सारखी झाली की सुटलो. या पत्त्यातला बॅलन्स झेलण्याचा आहे, एक नाणं वर असताना दुसरं खाली असणारच, थांबलात की दोन्ही पडणार. एम्प्रेसचा नंबर तीन आणि एम्पररचा चार, मिळून सात होतात, सात नंबरचा पत्ता म्हणजे चॅरियट, एक काळा एक पांढरा स्फिंक्स आणि सारथ्याच्या हातात लगामच नाही. ते मी आज फार वाचलं नाही, भाजी राहिली होती.

साडेतीनला तो आला तेव्हा पत्ते टेबलावर तसेच. समोरच्या खुर्चीत बसून चहा पिता पिता बघत होता. म्हणाला, "हा राजा उलटा कुठाय, माझ्याकडून सरळ दिसतोय." बरोबरच आहे, सरळ-उलटं वाचणाऱ्याच्या बाजूने धरतात, त्याच्या बाजूने एम्परर ताठ बसला होता आणि एम्प्रेस डोक्यावर. मग त्याने एम्प्रेस उचलून जवळ घेतली. तिच्या झग्यावर डाळिंबं आहेत. बराच वेळ बघून म्हणाला, "तेल्या रोग पडलेला दिसत नाही." सटाण्याच्या माणसाला टॅरो दाखवायचं म्हणजे हे असं.

मी विचारलं, चिऊ आजारी पडली की तुलाच का बोलावते? तो म्हणाला, तू आलीस की ती घाबरते, तिला वाटतं आता डॉक्टरकडे जायचं. मी काहीतरी जोरात बोलणार होते. नाही बोलले. कारण खरंच माझ्या हातात बाटली होती.

पत्ते गोळा करून कापडात बांधून ठेवले. उद्यापासून कोणी काय करायचं ते पत्ते सांगत नाहीत, ते बोलूनच ठरवावं लागतं, आणि ते आम्ही काही आज बोललो नाही. संध्याकाळचा ताप तेवढा त्याने बघितला. मी तिच्याजवळ नुसती आडवी झाले, थर्मामीटर न घेता, दहा मिनिटांत तिने पाय माझ्या पोटावर टाकले, मला फार बरं वाटलं आणि कंबर अवघडली.

मग मी तिला म्हटलं, शाळेत जायला लागलीस की वेणी मी घालू का रोज? वेणी त्याचं खातं आहे. तर म्हणे, नको, तुझी घट्ट होते, डोकं दुखतं. मी म्हटलं बाबाची दहा वाजेपर्यंत सुटते. त्यावर तिने विचार केला बराच. मग म्हणाली, पीटीच्या दिवशी तू घाल.

पीटी सोमवारी आणि गुरुवारी असते. तक्त्यात बघितलं मी.