५७० खुणा, २८८ माणसं

अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘९५ टक्के कर्मचाऱ्यांना अंगदुखीचा त्रास’. त्याखाली खर्चाचा अंदाज होता, ५७० जणांसाठी फिजिओथेरपी आणि ५७० नव्या खुर्च्या. सर्वेक्षण बाहेरच्या एका एजन्सीनं केलं होतं. दुपारी संचालकांसमोर ते मांडायचं होतं, म्हणून सकाळी आकडे तपासायला माझ्याकडे आलं.

९५ टक्के हा आकडा मोठा असला तरी अशक्य नव्हता. तो १२० आला असता तर शिपायानंही अहवाल परत पाठवला असता. शंभराच्या आत राहिलेली चुकीची बेरीज कुणालाच खटकत नाही.

प्रश्न असा होता: ‘गेल्या तीन महिन्यांत खालीलपैकी कुठे दुखलं? लागू असतील त्या सगळ्या पर्यायांवर खूण करा.’ उत्तरं ६०० जणांची होती. मानेवर १८० खुणा, खांद्यावर १३२, कंबरेवर १९८, मनगटावर ६०. शेवटचा पर्याय ‘काहीच त्रास नाही’, त्यावर ३११. पहिल्या चार आकड्यांची बेरीज ५७० येते आणि ५७० भागिले ६०० म्हणजे ९५ टक्के. एजन्सीनं एवढंच केलं होतं.

मला थांबवलं ते शेवटच्या ओळीनं. ३११ म्हणजे जवळपास ५२ टक्के. ९५ टक्के लोकांना दुखतंय आणि ५२ टक्के लोकांना काहीच दुखत नाही, या दोन गोष्टी एकाच तक्त्यात एकत्र कशा नांदणार? मान दुखणाऱ्याची बहुतेक वेळा खांद्यावरही खूण असते, म्हणजे तो माणूस बेरजेत दोनदा आलेला असतो. चारही ठिकाणी खूण करणारा चार माणसं होऊन बसतो.

मूळ फाइल, म्हणजे दर माणसाची एक ओळ असलेली, एजन्सीकडे होती आणि ती यायला वेळ लागणार होता. दरम्यान साहेबांचा फोन आला, “९५ नाही, तर मग किती?” नुसत्या तक्त्यावरून याचं एकच उत्तर देता येत नाही, दोन टोकं मात्र सांगता येतात. किमान १९८ माणसं असणारच, कारण एकट्या कंबरेवरच तेवढ्या खुणा आहेत आणि बाकी सगळ्या खुणा याच लोकांच्या असू शकतात. कमाल ५७०, पण एकाही माणसानं दुसरी खूण केलेली नसेल तरच. म्हणजे ३३ टक्के ते ९५ टक्के. अहवालानं या पट्ट्याचं वरचं टोक उचलून तेच उत्तर म्हणून छापलं होतं.

माझी सहकारी शेजारी बसून हे ऐकत होती. तिनं वेगळा मार्ग काढला. “मॅडम, मानेचे ३० टक्के म्हणजे न दुखणारे ७०. तसेच खांद्याचे ७८, कंबरेचे ६७, मनगटाचे ९०. हे गुणले तर कुठेच न दुखणारे निघतील ना?” गुणाकार ३३ टक्क्यांच्या जवळ येतो, म्हणजे कुठे ना कुठे दुखणारे ६७ टक्के, साधारण ४०३ माणसं. हिशेब बरोबर होता, पण त्यामागे एक गृहीतक दडलेलं होतं: मान दुखण्याचा आणि खांदा दुखण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. दिवसभर एकाच खुर्चीत वाकून बसणाऱ्या माणसाला हे पटेल का? दुखणी जोडीनं येतात, त्यामुळे खुणा थोड्या लोकांवर एकवटतात आणि खरा आकडा या ६७ च्या खाली जातो. उलट एकमेकांना पर्याय असणाऱ्या गोष्टी विचारल्या, तर तो वरही जाऊ शकतो.

त्यापेक्षा खात्रीचा धागा त्या शेवटच्या ओळीतच होता. ‘काहीच त्रास नाही’ वर खूण न करणारे ६०० वजा ३११, म्हणजे २८९. साहेबांना कळवलं की खरा आकडा २८९ च्या आसपास असेल, चार-दोन इकडेतिकडे. चार-दोन कशासाठी, तर काही जणांनी प्रश्नच सोडून दिला असेल आणि काहींनी दुखण्यावरही आणि ‘काहीच नाही’ वरही खूण केली असेल.

जेवणाच्या आधी फाइल आली. दर ओळीत B ते E हे चार दुखण्यांचे रकाने, F मध्ये ‘काहीच नाही’, खूण असेल तिथे १, नसेल तिथे ०. पुढच्या रकान्यात एवढंच लिहिलं आणि खालपर्यंत ओढलं:

```
=IF(SUM(B2:E2)>0,1,0)
```

या रकान्याची बेरीज म्हणजे माणसं. ती आली २८८. सहा जणांनी एकाही पर्यायाला हात लावला नव्हता आणि पाच जणांच्या दोन्हीकडे खुणा होत्या. २८९ मधून सहा वजा, त्यात पाच अधिक, २८८. एक आकडा दोन वाटांनी तोच निघाला की मी निर्धास्त होते. त्या पाच जणांचं दुखणं मी धरलं, कारण विशिष्ट जागेवर केलेली खूण सहसा विचारानं केलेली असते. कुणी उलट ठरवलं तरी फरक एक टक्क्याहून कमी पडतो, पण काय ठरवलं ते तक्त्याखाली लिहायलाच हवं. छेद कोणता घ्यायचा हाही असाच निर्णय आहे. ६०० नं भागलं तर ४८ टक्के येतात, आणि प्रश्न सोडून देणारे सहा वगळून ५९४ नं भागलं तर ४८.५.

खुणांची वाटणी पाहिली तर १०८ जणांची एकच खूण होती, १०० जणांच्या दोन, ५८ जणांच्या तीन आणि २२ जणांच्या चारही. दर दुखऱ्या माणसामागे जवळजवळ दोन खुणा, म्हणूनच अहवालातला आकडा जवळजवळ दुप्पट दिसत होता.

अहवालात पुढे ‘शरीराचा वरचा भाग’ असा एक गट होता. मान, खांदा आणि मनगट मिळून ३७२, म्हणजे ६२ टक्के. आजार तोच. मान किंवा खांदा दुखणारे किती? १८० आणि १३२ मिळून ३१२, पण १०४ जणांचं दोन्ही दुखत होतं. ते दोनदा आले, म्हणून एकदा वजा, उरले २०८. मनगटाच्या ६० पैकी ४६ जण या २०८ मध्ये आधीच आहेत, नवे फक्त १४. गटात माणसं २२२. दोन-तीन पर्याय असले तर हे असं हातानं करता येतं. पर्याय वाढले की जोड्या आणि त्रिकुटं इतकी होतात की ओळीगणिक खूण करणं हाच शहाणपणा.

इथे एक दुसरा सापळा असतो. गट नीट काढले की माणूस निर्धास्त होतो आणि ते गटच एकमेकांत मिळवतो. वरचा भाग २२२, कंबर १९८, बेरीज ४२०. पण १३२ जण दोन्ही गटांत आहेत. ते वजा केले की पुन्हा २८८.

ज्यांची बेरीज करता येईल असा तक्ता हवाच असेल, तर माणसं अशा खणांत टाकावी लागतात की प्रत्येक जण एकाच खणात बसेल: फक्त कंबर ६६, फक्त वरचा भाग ९०, दोन्ही १३२. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत लोकांना पहिल्यांदाच एकाहून जास्त वंश निवडता आले. तिथे ६ वर्गांमधून ६३ शक्य खण तयार झाले. म्हणून त्यांचे तक्ते दोन प्रकारचे असतात, ‘फक्त हाच वंश’ आणि ‘हा एकटा किंवा दुसऱ्यासोबत’. दुसऱ्या प्रकारातल्या ओळी मिळवल्या तर लोकसंख्येपेक्षा जास्त भरतात, आणि ते तसंच अपेक्षित असतं.

अहवालातला पाय चार्ट मी काढूनच टाकायला लावला. त्यात कंबरेची फोड ३५ टक्के दिसत होती, कारण चार्टनं १९८ ला ५७० नं भागलं होतं. कर्मचाऱ्यांमध्ये ते प्रमाण ३३ टक्के आहे. दोन्ही आकडे इतके जवळचे की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. त्या जागी चार आडवे पट्टे टाकले, प्रत्येकाचा छेद ६००.

बैठकीत एजन्सीच्या माणसानं अखेरचा आधार घेतला. मागच्या फेरीत हीच बेरीज ८५ टक्के होती, आता ९५ आहे, म्हणजे आकडा काही असो, त्रास वाढलाय हे तर खरं? मी दोन्ही प्रश्नपत्रिका शेजारी ठेवल्या. मागच्या वेळी मनगटाचा पर्यायच नव्हता. मनगटाच्या ६० खुणा म्हणजे ६०० चे नेमके १० टक्के, सगळी वाढ तिथेच संपली. फक्त मनगटावर खूण असलेली माणसं नऊ होती. ती वगळली तर २७९ उरतात, ४६.५ टक्के. मागच्या फेरीची फाइल उघडून त्याच पद्धतीनं माणसं मोजली, तर ४७ टक्के.

संचालक बाईंनी मग विचारलं, “म्हणजे ५७० हा आकडा फेकूनच द्यायचा का?” प्रश्न रास्त होता. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक दुखऱ्या जागेवर वेगळा वेळ देणार असेल, तर तिच्या कामाचा अंदाज ५७० वरूनच निघतो. खुर्च्या मात्र माणसांना लागतात. अहवालात दोन्ही आकडे राहिले, एकासमोर ‘माणसं’ आणि दुसऱ्यासमोर ‘दुखऱ्या जागा’ असं लिहून. टक्क्याचं चिन्ह फक्त पहिल्याला दिलं.

पुढच्या फेरीसाठी सहकारीनं सुचवलं की आधी ‘कुठे दुखतं का, हो की नाही’ विचारावं आणि हो म्हणणाऱ्यांनाच जागा विचारावी, म्हणजे माणसांचा आकडा थेट हाती येईल. मी ते मान्य केलं नाही. नुसतं हो-नाही विचारलं की बारीक दुखणं असलेले ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. यादी समोर आली की त्यांना मनगट आठवतं. मग ४८ चे ४० झाले, तर त्रास कमी झाला की प्रश्न बदलला, हे कोण सांगणार? प्रश्न जसाच्या तसा ठेवला. ‘काहीच त्रास नाही’ निवडलं की बाकीच्या खुणा आपोआप पुसल्या जातील आणि काहीच न निवडता पुढे जाता येणार नाही, एवढी दुरुस्ती फॉर्ममध्ये करून घेतली.