आमची वाटचाल : बैठक संपल्यानंतरची दोन पाने

आमची कंपनी प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवते. सुरुवातीला आम्ही फक्त जॉबवर्क करायचो. साचा गिऱ्हाइकाचा, प्लॅस्टिकचा कच्चा दाणाही त्याचाच. मशीन आणि माणसे तेवढी आमची. तेव्हा बोलणी व्हायची ती नगामागच्या दराची, आणि ती फोनवरही उरकत. पुढे स्वतः साचा बनवून, कच्चा माल घेऊन, वर्षानुवर्षांच्या करारावर भाग पुरवायचे ठरवले आणि कामाचे स्वरूपच पालटले. आता एका बैठकीत दर, साच्याचा खर्च, पेमेंटची मुदत, किमान मागणी असे सगळेच निघते. चार तास बोलून सगळे हसतमुखाने उठतात आणि प्रत्येक जण थोडा वेगळा करार डोक्यात घेऊन घरी जातो.

म्हणून बैठक झाली की दुसऱ्या दिवसाच्या आत आम्ही दोन कागद पाठवतो. एक म्हणजे उरलेल्या मुद्द्यांचे टिपण, दुसरा टर्म शीटचा, म्हणजे कराराच्या मुख्य अटींच्या कागदाचा, मसुदा. ही पद्धत आमच्याकडे कशी चालते, हे आमच्या पहिल्या मोठ्या पुरवठा कराराच्या निमित्ताने सांगतो.

समोरची कंपनी आमच्यापेक्षा बरीच मोठी होती. बैठकीत त्यांचे खरेदी अधिकारी आणि इंजिनिअर होते, वित्त विभागाचे कोणी नव्हते. टिपण लिहिताना हे फार महत्त्वाचे ठरते, कारण तो कागद शेवटी बैठकीत नसलेल्या माणसापर्यंत जातो. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याखाली आम्ही त्यांची बाजू आधी लिहितो, तीही त्यांना वाचून ‘हो, आम्ही हेच म्हणालो’ असे वाटेल अशा शब्दांत. मग आमची बाजू, नेमके अंतर किती, आणि निर्णय कोणाच्या हातात. पेमेंटचा मुद्दा असा एका ओळीत मावला : त्यांचे म्हणणे ६० दिवस, आमचे ३०, निर्णय त्यांच्या वित्त विभागाचा. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल स्वीकारल्यापासून, यावर बोलणेच झाले नव्हते. तेही तसेच लिहिले.

खरी गंमत ठरलेल्या मुद्द्यांत असते, आणि मला या कामात सर्वांत मोलाचे तेच वाटते. दाण्याचा भाव वर-खाली झाला तर आमचा दर किती बदलायचा, हे बैठकीत ठरले होते. नगाच्या दरात दाण्याचा वाटा ४० टक्के धरला होता, आणि भावातला ५ टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही सोसायचा होता. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या. टिपणात मी ते ‘ठरले’ या रकान्यात घातले आणि सवयीप्रमाणे खाली आकड्यांचे उदाहरण मांडायला घेतले. समजा, भाव ८ टक्क्यांनी वाढला. आता दर पूर्ण ८ टक्क्यांवर बदलायचा की ५ च्या वरच्या ३ टक्क्यांवर? पहिल्या अर्थाने दर ३.२ टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्याने १.२ टक्क्यांनी. दोन्ही अर्थ त्याच वाक्यातून निघतात आणि त्यांच्यात दराच्या २ टक्क्यांचे अंतर आहे. आमच्यासारख्या धंद्यात एवढ्यावर नफ्याचा बराच भाग अवलंबून असतो. मी तो मुद्दा ‘ठरले’मधून काढून ‘तत्त्वतः ठरले, अर्थ ठरायचा’ या रकान्यात टाकला आणि दोन्ही गणिते मांडली. खरेदी अधिकाऱ्यांनी दुसरा अर्थ धरला होता, आम्ही पहिला. ही गोष्ट वर्षभरानंतर भाव चढल्यावर उघड झाली असती, तर दोघांनाही समोरचा शब्द फिरवतोय असेच वाटले असते.

मुद्दे एकमेकांत गुंतलेले असतात, तेव्हा ते वेगवेगळे लिहिणे घातक. साच्याचा निम्मा खर्च ते आधी देणार होते, उरलेला निम्मा आम्ही २ लाख नगांच्या दरातून वसूल करणार होतो. पण किमान मागणीची हमी द्यायला ते तयार नव्हते. अंदाज देऊ, बांधिलकी नाही, असे त्यांचे म्हणणे. हे दोन मुद्दे आम्ही एकाच शीर्षकाखाली घेतले आणि पुन्हा उदाहरण दिले : १ लाख २० हजार नगांवर काम थांबले, तर आमच्या निम्म्यातला ४० टक्के भाग, म्हणजे संपूर्ण साच्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा, वसूल व्हायचा राहतो. मग टर्म शीटमध्ये तोडगा सुचवला. किमान मागणीची अट आम्ही सोडतो. मात्र त्यांनी काम थांबवले तर ही उरलेली रक्कम त्यांनी द्यायची, आणि पूर्ण रक्कम मिळाली की साचा त्यांच्या मालकीचा. एका मुद्द्यावर आम्ही सोडतो ते दुसऱ्यावर मिळणार या अटीवरच, हे त्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे लागते. नाहीतर सोडलेले तेवढे टिपून घेतले जाते आणि मागितलेले पुढच्या बैठकीला जाते.

मसुदा आपणच पाठवायचा, हा आमचा आग्रह. पहिला कागद ज्याचा, त्याच्या रचनेवर पुढची चर्चा चालते. पण म्हणूनच त्यात बैठकीत न बोललेले काही घुसवायचे नाही. एखादे नवे कलम हवेच असेल, तर त्याच्यापुढे ‘नवीन प्रस्ताव’ असे लिहून ते वेगळे दाखवतो. न ठरलेला मजकूर चौकोनी कंसात ठेवतो : पेमेंट [३०/६०] दिवस. कंस किती उरले, यावरून करार कुठवर आला ते कोणालाही एका नजरेत कळते.

त्याच मसुद्यात बंधनकारक काय आणि काय नाही, हे वेगळे काढलेले असते. गोपनीयता, ज्याचा खर्च त्याने करणे आणि कोणत्या ठिकाणचा कायदा लागू, एवढीच कलमे बंधनकारक. दर, मुदत, साचा हे सगळे अंतिम करारावर सही झाल्यावरच. मसुदा कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य, तेही त्यात असते. दाण्याचा भाव हलता असताना जुना दर महिनोन्‌महिने टांगून ठेवता येत नाही. मात्र ‘बंधनकारक नाही’ असे वर छापले म्हणजे आपण मोकळे, असे नव्हे. दोन्ही बाजू करार झाल्यासारख्या वागू लागल्या, तर पुढे वादात त्या वागण्याकडेही पाहिले जाते. म्हणून आमच्याकडे टर्म शीटच्या भरवशावर साच्याचे पोलाद मागवत नाहीत, मग गिऱ्हाइकाची घाई कितीही असो. फारच घाई असेल, तर तेवढ्याच कामाची वेगळी, खर्चाची मर्यादा घातलेली लेखी ऑर्डर मागतो.

मसुदा परत आला तेव्हा पेमेंटच्या कंसात ४५ आले होते, माल स्वीकारल्यापासून. आणि स्वीकारण्याला १० दिवसांची कमाल मर्यादा आम्ही सुचवली, ती त्यांनी मानली. भाववाढीत त्यांचाच अर्थ राहिला, पण मर्यादा ५ वरून ३ टक्क्यांवर आली. म्हणजे ८ टक्के वाढीला दरात २ टक्के. ते उदाहरण आकड्यांसकट अंतिम कराराच्या परिशिष्टात गेले, आणि करारावर सह्या झाल्यावर आम्ही साच्याची ऑर्डर दिली.