एकाच ॲल्युमिनाच्या दोन ताकदी: बॅच मंजूर करून घेतानाचा माझा अनुभव

ज्या फॉर्ममध्ये ‘बेंडिंग स्ट्रेंग्थ, किमान ३५० मेगापास्कल’ एवढाच एक रकाना आहे आणि चाचणी कोणत्या पद्धतीने केली, हे लिहायला जागाच नाही, त्या फॉर्मवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. आम्ही ॲल्युमिना या सिरॅमिकच्या इन्सुलेटर नळ्या बनवतो. पावडर, दाबणे, भट्टी, घासकाम हे सगळे नेहमीप्रमाणे पार पडले, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. अडले ते ग्राहकाच्या तपासणी विभागात.

आमच्या वहीत तीन-बिंदू वाकवण चाचणीची, म्हणजे दोन आधारांवरची पट्टी मधोमध एका रोलरने दाबून मोडण्याची, सरासरी नेहमी ३६५ मेगापास्कलच्या आसपास येते. या वेळी ग्राहकाने बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. प्रयोगशाळेने आयएसओ १४७०४ प्रमाणे ३ × ४ मिलिमीटर छेदाच्या ३० पट्ट्या चार-बिंदू पद्धतीने मोडल्या, म्हणजे बाहेरच्या आधारांमधले अंतर ४० आणि आतल्या रोलरांमधले २० मिलिमीटर. अहवालात वैशिष्ट्यपूर्ण ताकद ३२० मेगापास्कल आणि ताकदीची विखुरणी सांगणारा वायबुल मापांक १० आला. ३५० पेक्षा कमी दिसताच बॅच नामंजूर झाली. तपासणी अधिकाऱ्यांचा मुद्दा सरळ होता: “माल तोच आहे म्हणता, मग ताकद दोन कशा? एक तर तुमची वही चुकीची, नाहीतर बॅच खराब.” पुढचा सगळा काळ या एका वाक्याचे उत्तर कागदावर उतरवण्यात आणि ते कोणीतरी वाचावे म्हणून थांबण्यात गेला.

उत्तर असे. पोलाद ताणले तर आधी थोडे वाहते, त्यामुळे एखाद्या दोषाच्या टोकाशी साचलेला ताण विखुरला जातो. ॲल्युमिनाला ती सोय नाही. दाबताना नीट न फुटलेल्या दाण्यामुळे आत पोकळी राहिली किंवा एखादा कण अवाजवी वाढला, तर तडा तिथूनच निघतो आणि तुकडा एका क्षणात दुभंगतो. ३२० मेगापास्कलला मोडणाऱ्या ॲल्युमिनात असा दोष साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. म्हणजे पट्टीची ताकद ही तिच्यातल्या सर्वांत वाईट जागी बसलेल्या दोषाची ताकद असते, आणि तो किती मोठा निघेल हे नशिबावर असते. आता पट्टीचे मनातल्या मनात बारीक तुकडे पाडा. पट्टी टिकायची तर प्रत्येक तुकडा टिकला पाहिजे, म्हणून टिकण्याच्या शक्यतांचा गुणाकार होतो. तुकडे दुप्पट केले, तर टिकण्याच्या शक्यतेचा वर्ग होतो. घनफळ सूत्रात शिरते ते या गुणाकारातून. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी १९३९ मध्ये मांडलेले सूत्र हेच सांगते:

```
P = 1 − exp[ −(V/V0) · (σ/σ0)^m ]
```

यात P ही मोडण्याची शक्यता, σ हा ताण आणि V हे ताणाखालचे घनफळ. V0 हे आपण निवडलेले संदर्भ घनफळ आणि σ0 ही त्या घनफळाची वैशिष्ट्यपूर्ण ताकद, म्हणजे ज्या ताणाला ६३.२ टक्के नमुने मोडलेले असतात तो ताण. m हा मापांक विखुरणी सांगतो. m दहा असेल, तर प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १२ टक्के येते.

वाकवताना मात्र पूर्ण पट्टीवर सारखा ताण नसतो. तीन-बिंदू चाचणीत कमाल ताण मधल्या रोलरखाली, तळाच्या एका रेषेवरच असतो, तर चार-बिंदू चाचणीत तो आतल्या २० मिलिमीटरच्या पूर्ण पट्ट्यात पसरतो. याचा हिशेब परिणामी घनफळाने करतात, म्हणजे कमाल ताणाखाली किती घनफळ सरळ ओढले असते तर मोडण्याची शक्यता तेवढीच आली असती. आधारांमधली पट्टी ४८० घन मिलिमीटरची आहे. मापांक १० धरला, तर तीन-बिंदूसाठी परिणामी घनफळ सुमारे २ घन मिलिमीटर आणि चार-बिंदूसाठी सुमारे १२ येते. फरक सहापट आहे. ताकदीचे गुणोत्तर सहाच्या दहाव्या मुळाएवढे, म्हणजे १.१९६. म्हणून चार-बिंदूचे ३२० तीन-बिंदूत ३८३ झाले पाहिजेत.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वैशिष्ट्यपूर्ण ताकद म्हणजे सरासरी नव्हे. m दहा असताना सरासरी तिच्या ९५ टक्के असते. ३८३ चे ९५ टक्के केले की ३६४ येतात, आणि आमच्या वहीतली सरासरी ३६५ आहे. माझ्या मते वाद इथेच संपायला हवा होता. अधिकाऱ्यांच्या मते मात्र ही ‘आकड्यांची जुळवाजुळव’ होती.

तेव्हा मी मागणी केली की त्याच बॅचमधल्या उरलेल्या पट्ट्या त्याच प्रयोगशाळेने, त्याच यंत्रावर, तीन-बिंदू पद्धतीने मोडाव्यात, आणि माझे ३८३ चे भाकीत चाचणीआधी पत्रात लिहून दिले. हे लिहून देणे महत्त्वाचे, कारण निकालानंतर सांगितलेल्या हिशेबाला तपासणी विभागात कोणी विचारत नाही. निकाल ३७७ आला. त्या दिवशी मला झालेला आनंद, खरे सांगायचे तर, बॅच सुटल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता. म्हणून पट्ट्या कापताना थोड्या जास्तच कापून ठेवा. दुसऱ्या बॅचच्या पट्ट्यांवर हा युक्तिवाद उभा राहत नाही.

मोडलेले तुकडेही टाकू नयेत. पट्टीच्या वरच्या, दाबाखालच्या बाजूला पातळ चिकटपट्टी लावली, तर तुकडे उडून हरवत नाहीत. मग भंगलेल्या पृष्ठावर सूक्ष्मदर्शकातून तडा कुठून सुटला ते पाहता येते. आमच्या बहुतेक पट्ट्यांत तो आतल्या पोकळीतून सुटलेला दिसला, म्हणून घनफळाचा हिशेब लागू होता. तो घासकामाच्या ओरखड्यातून सुटला असता, तर घनफळाऐवजी पृष्ठभागाचे क्षेत्रफळ घ्यावे लागले असते. आणि तडे कडेवरूनच सुटत असतील, तर ती मोजणी कडा मारण्याच्या कामाची झाली, मालाची नव्हे.

बॅच मंजूर झाली. पण मला खटकते ते पुढचेच. ३० पट्ट्यांवरून काढलेला मापांक १० असला, तरी खरा मापांक आठ किंवा बारा असू शकतो. दोन चाचण्यांमधल्या बदलासाठी त्याने फारसे बिघडत नाही, कारण गुणोत्तर १.२२ आणि १.१८ च्या दरम्यानच राहते. परंतु परिणामी घनफळ पट्टीच्या शंभरपट असलेल्या नळीसाठी तेच ३२० मापांक बारा धरल्यास २१८ होतात आणि आठ धरल्यास १८०. मापांक दहाच धरला आणि २५० मेगापास्कलचा ताण दिला, तर तीन-बिंदू पट्टी मोडण्याची शक्यता १.४ टक्के आहे, चार-बिंदूत ८ टक्के, आणि त्या नळीचे मोडणे जवळजवळ नक्की आहे. फॉर्मवरच्या ३५० ला नळीच्या दृष्टीने काय अर्थ आहे, हे मी विचारले होते. त्याचे उत्तर आलेले नाही.

एक राहिले. अहवाल हातात पडला की आधार रोलर फिरते होते की बसवलेले, ते आधी विचारा. अडकलेल्या रोलरच्या घर्षणामुळे ताकद काही टक्क्यांनी खोटी जास्त दिसते, आणि त्या वाढीचा घनफळाशी काहीही संबंध नसतो.