दशमेश नीच, म्हणून करिअर संपलं? दशांश कुंडली वाचताना मला आलेला अनुभव

माझं लग्न कर्क, म्हणजे दशम स्थानात मेष रास आणि दशमेश मंगळ, आणि हा मंगळ बसलाय लग्नातच, कर्केत, म्हणजे नीच राशीत. ज्यांना ज्यांना पत्रिका दाखवली त्यांनी आधी हेच बोट ठेवलं की दशमेश नीचेचा, नोकरीत कष्ट खूप आणि नाव कमी. मंगळाची महादशा सुरू व्हायला वर्षभर उरलं होतं, त्यामुळे मनात धाकधूक होतीच. शेवटी ठरवलं की दशांश, म्हणजे करिअरसाठी बघतात ती वर्गकुंडली, स्वतः मांडून बघायची.

गणित तसं सोपं आहे. एका राशीचे ३० अंश, त्याचे दहा भाग, प्रत्येक भाग ३ अंशांचा. माझा मंगळ कर्केत ४ अंश २० कलांवर, म्हणजे दुसरा भाग. मी कर्केपासूनच मोजलं, दुसरी रास सिंह, म्हणून मंगळ सिंहेत लिहिला. सॉफ्टवेअर मात्र मेष दाखवत होतं. दोन दिवस मला वाटत होतं सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी सेटिंग चुकलंय, पण चूक माझी होती. विषम राशीत मोजणी त्याच राशीपासून होते, सम राशीत तिच्या नवव्या राशीपासून. कर्क ही सम रास, तिची नववी मीन, आणि मीनेपासून दुसरी मेष. हाताने मांडणार असाल तर ही एक गोष्ट आधी तपासा, सम राशीतले सगळे ग्रह एकदम चुकलेले दिसले की समजायचं मोजणी कुठून सुरू केली ते बघायला हवं.

तर मंगळ जन्मकुंडलीत नीच आणि दशांशात स्वराशीत! ज्योतिषी काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे, नीच आहे ते खोटं ठरत नाही. लग्नातला नीच दशमेश म्हणजे सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन उभं करावं लागणार, ते राहणारच. पण दशांशात त्याला स्वतःचं घर मिळालंय, म्हणजे कामात टिकायची ताकद आहे. मूळ पत्रिकेत नाही ते दशांश देत नाही, आहे ते किती पिकणार एवढंच सांगते."

आता खरी अडचण. माझं लग्न १४ अंश ४० कला, म्हणजे पाचवा भाग, मीनेपासून पाचवी कर्क, म्हणून दशांशाचं लग्न कर्क आणि मंगळ थेट दशमात. मी इतका खूश झालो की पुढे काही बघावंसंच वाटेना. काकांनी विचारलं, जन्मवेळ काय लिहिलीय? साडेसात. म्हणाले, "बरोब्बर साडेसात कुणी जन्मत नाही, राऊंड केलेली दिसतेय." लग्न एक अंश पुढे सरकायला साधारण ४ मिनिटं लागतात, म्हणजे मी दीड-दोन मिनिटं उशिरा जन्मलो असेन तर १५ अंश ओलांडून सहावा भाग लागतो आणि दशांश लग्न सिंह होतं. मंगळ तेव्हाही मेषेतच, ग्रहांची रास दोन मिनिटांत सहसा बदलत नाही, पण तो दशमातून नवमात जातो. म्हणून ग्रह कुठल्या राशीत आहे हे आधी वाचायचं आणि स्थानं वेळ तपासल्यावरच.

मग थांबलो आणि मंगळाची महादशा प्रत्यक्ष जगून बघितली. मंगळात मंगळाचं अंतर, म्हणजे महादशेतला पहिला पोटकाळ, जवळजवळ पाच महिन्यांचं असतं, त्यात मला प्रमोशन नाही मिळालं, उलट सहा वर्षांची नोकरी सोडून मी एका ज्येष्ठ माणसाच्या हाताखाली शिकायला गेलो. नवम म्हणजे गुरू, उच्च शिक्षण, आणि दशमाचं व्यय स्थानही तेच, म्हणजे चालू काम सुटणं. दशमातल्या स्वराशीच्या मंगळाला हे असं बसवता येईना. मग महादशेला साधारण दीड वर्ष झाल्यावर गुरूचं अंतर लागलं. दशांशात गुरू धनूत, सिंह लग्नाला तो पंचमात येतो, कर्क लग्नाला षष्ठात. त्याच अंतरात मी शिकवायला सुरुवात केली, पंचम म्हणजे विद्या आणि विद्यार्थी.

दोन घटनांवरून मिनिटं नक्की ठरत नाहीत हे मला कळतं, म्हणून वहीत दोन्ही लग्नं मांडून ठेवलीयत आणि सध्या सिंह धरून वाचतो. मंगळ दशमात असलेली कुंडली दिसायला जास्त छान होती हे खरंय, पण जे घडलं ते नवमाचं होतं. आता या महादशेत शुक्राच्या अंतराची वाट बघतोय, कारण सिंह लग्नाला शुक्र दशांशाचा दशमेश होतो आणि कर्क लग्नाला चतुर्थेश-लाभेश, तेव्हा फरक स्पष्ट दिसायला हवा.